मध्यस्थीच्या तीन शैली : विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॅसिलिटेटिव्ह, इव्हॅल्युएटिव्ह आणि ट्रान्सफॉर्मेटिव्ह या तीन शैलींबद्दल विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोयीसाठी या शैलींना आपण अनुक्रमे सुलभक, मूल्यमापक आणि परिवर्तक म्हणू. प्रश्न 4 मध्ये विहिरीच्या पाण्याचं एक काल्पनिक प्रकरण मांडलं आहे. पुढची बरीच उत्तरं त्यावर आधारलेली आहेत, त्यामुळे ते आधी वाचा.

1. मध्यस्थी, लवाद आणि समेट यांत फरक काय? सगळीकडे तिसरा माणूसच असतो ना?

तिसरा माणूस असतो, पण त्याच्या हातात काय असतं ते वेगळं असतं. लवाद निवाडा देतो आणि तो पक्षांवर बंधनकारक असतो. मध्यस्थ निवाडा देत नाही. समझोता झाला तर तो पक्षांच्या सहीने होतो, नाही झाला तर दावा आहे तिथेच राहतो.

समेटाची जागा या दोहोंच्या मधे होती. 1996 च्या लवाद व समेट कायद्याने समेटकर्त्याला कोणत्याही टप्प्यावर तडजोडीचा प्रस्ताव मांडण्याची मुभा दिली होती. 2023 च्या मध्यस्थी कायद्याने ‘मध्यस्थी’च्या व्याख्येतच समेटाचा समावेश केला. म्हणजे प्रस्ताव मांडण्याची परंपरा आणि प्रस्ताव न मांडण्याची परंपरा आता एकाच नावाखाली आली आहेत. शैलींचा वाद आपल्याकडे नुसता पुस्तकी राहिलेला नाही, त्याचं हे एक कारण.

2. तीन शैलींमधला फरक थोडक्यात कसा सांगायचा?

मध्यस्थ कशाची जबाबदारी स्वतःकडे घेतो, ते पाहा. सुलभक मध्यस्थ बोलणी नीट होतील याची जबाबदारी घेतो आणि मजकूर पक्षांवर सोडतो. मूल्यमापक मध्यस्थ मजकुरातही उतरतो: कोणाची बाजू कायद्याने किती टिकेल, वाजवी रक्कम कोणती, हे तो बोलून दाखवतो. परिवर्तक मध्यस्थ समझोता घडवण्याची जबाबदारीच घेत नाही. पक्षांना स्वतःचं म्हणणं स्पष्ट होत जावं आणि समोरच्याची दखल घेण्याची ताकद परत यावी, एवढंच त्याचं उद्दिष्ट असतं.

पुष्कळ विद्यार्थी उत्तरपत्रिकेत ‘सुलभक म्हणजे सौम्य, मूल्यमापक म्हणजे कडक, परिवर्तक म्हणजे भावनिक’ असं लिहितात. हे चुकीचं आहे. मूल्यमापक मध्यस्थ अत्यंत मृदू असू शकतो. परिवर्तक मध्यस्थाच्या खोलीत सर्वांत जास्त आरडाओरडा होऊ शकतो, कारण तो तिथे थांबवला जात नाही.

3. ही विभागणी कोणी केली?

तिन्ही शैली एका माणसाने एका तक्त्यात मांडल्या, असा समज आहे. तसं नाही. लिओनार्ड रिस्किन या अमेरिकी कायद्याच्या प्राध्यापकांनी 1994 मध्ये आणि सविस्तरपणे 1996 मध्ये चार चौकटींचा आराखडा मांडला. त्याच्या एका अक्षावर सुलभक ते मूल्यमापक ही भूमिका होती आणि दुसऱ्या अक्षावर वादाची व्याख्या अरुंद की रुंद हा प्रश्न होता. परिवर्तक शैली त्या आराखड्यात नाही. ती रॉबर्ट बॅरुच बुश आणि जोसेफ फोल्जर यांनी 1994 मध्ये स्वतंत्रपणे मांडली, आणि तिचा रोख समझोता हेच यश मानणाऱ्या साऱ्या पद्धतींवर होता.

दुसरा अक्ष सहसा विसरला जातो, पण खरी मेख तिथेच आहे. वाद म्हणजे ‘थकबाकी किती’ एवढाच, की ‘पुढची वीस वर्षं शेजारी कसं राहायचं’ हाही? सुलभक मध्यस्थसुद्धा वाद अरुंद ठेवू शकतो आणि मूल्यमापक मध्यस्थसुद्धा तो रुंद करू शकतो.

2003 मध्ये रिस्किन यांनी स्वतःच आपल्या आराखड्याची फेरतपासणी केली. सुलभक आणि मूल्यमापक या शब्दांऐवजी मध्यस्थ पक्षांकडून काढून घेतो की स्वतः दिशा देतो, अशी भाषा त्यांनी सुचवली. त्यांच्या मते माणसावर शैलीचा शिक्का मारण्यापेक्षा त्या क्षणी त्याने काय केलं ते पाहणं जास्त उपयोगाचं आहे. आम्हालाही हे पटतं, आणि पुढची उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

4. एकच प्रकरण तिन्ही शैलींतून दाखवता येईल का?

येईल. समजा दोन सख्खे भाऊ आहेत. वडिलोपार्जित जमीन आणि एक विहीर सामाईक आहे, सातबाऱ्यावर विहिरीत निम्मा-निम्मा हिस्सा आहे. थोरला गावात राहून शेती करतो. त्याचा दोन एकर ऊस आहे आणि आई त्याच्याकडे असते. धाकटा बारा वर्षं पिंपरीला नोकरीत होता. तो आता परत आला आहे आणि त्याने कांदा लावला.

शेतीला वीज आठ तास मिळते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. भावांनी तोंडी ठरवलं होतं की वीज आल्यावर पहिले चार तास थोरल्याचे, पुढचे चार धाकट्याचे. मार्चमध्ये कांदा वाळला. धाकट्याने वाटपाचा आणि मनाई हुकुमाचा दावा लावला, सोबत 1,20,000 रुपये नुकसानभरपाई मागितली. थोरल्याने कैफियतीत म्हटलं की सहा वर्षांपूर्वी गाळ काढून विहीर खोल करायला आपण एकट्याने 1,80,000 रुपये घातले, त्यामुळे पाण्यात आपला पाऊण हिस्सा आहे. मीटर थोरल्याच्या नावावर आहे आणि त्यावर 64,000 रुपये थकबाकी आहे. कोर्टाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं.

एक गोष्ट दाव्यातही नाही आणि कैफियतीतही नाही. उन्हाळ्यात ही विहीर साधारण तीन तासांत उपसून कोरडी होते आणि पुन्हा भरायला बारा तास घेते. ही माहिती कोणत्या शैलीत बाहेर येते, त्यावर लक्ष ठेवा.

5. सुलभक मध्यस्थ या प्रकरणात नेमकं काय करेल?

सुरुवातीला तो प्रक्रिया समजावतो: गोपनीयता, ऐच्छिकता, स्वतंत्र बैठकांची शक्यता. मग दोघांना एकेक करून न थांबवता बोलू देतो. त्यानंतर दोघांच्या बोलण्यातून मुद्द्यांची यादी करतो, आणि ती बिनआरोपी भाषेत: ‘पाण्याची पाळी’, ‘विहिरीवरचा खर्च’, ‘वीजबिल’, ‘यंदाचं कांद्याचं पीक’. ‘थोरल्याने पाणी अडवलं’ असा मुद्दा यादीत येत नाही.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. मागणीच्या मागची गरज काय, हे तो मोकळ्या प्रश्नांनी शोधतो. ‘पाण्याचा एक दिवस कसा जातो, मोटर चालू केल्यापासून सांगा,’ एवढा साधा प्रश्न विचारला की धाकटा सांगतो, ‘दादाचे चार तास संपले की विहिरीत नुसता चिखल असतो.’ थोरला म्हणतो, ‘मी तर माझ्या वेळेवर मोटर बंद करतो.’ दोघंही खरं बोलत आहेत. चार-चार तास ही वाटणी घड्याळाची होती, पाण्याची नव्हती. जो आधी मोटर लावतो त्याला साचलेली अख्खी विहीर मिळते, नंतरच्याला नुसता पाझर.

आता पर्याय काढणं सोपं होतं, आणि ते पक्षच काढतात. भरलेली विहीर हीच एक पाळी धरायची आणि एक दिवस एकाने, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने उपसायची. दिवसाची आणि रात्रीची वीज आठवड्याने बदलते, म्हणून रात्रीचं जागरणही दोघांच्या वाट्याला जवळजवळ सारखंच येतं. मध्यस्थ फक्त टोकाचे प्रश्न विचारतो: पाळीच्या दिवशी वीज गेली तर? मोटर जळाली तर खर्च कोणाचा? पाहुणे म्हणून चार दिवस गावाला गेलात तर पाळी दुसऱ्याने वापरायची का?

ही शैली फसते तेव्हा बहुधा मध्यस्थ मुद्द्यांच्या यादीवरून फार लवकर पर्यायांकडे उडी मारतो. ‘मग काय करता येईल?’ हा प्रश्न पहिल्या वीस मिनिटांत आला, तर पक्ष आपल्या मूळ मागण्याच पर्याय म्हणून पुन्हा सांगतात.

6. मूल्यमापक मध्यस्थ काय वेगळं करेल?

तो आधी कागद वाचतो: दावा, कैफियत, सातबारा, खर्चाच्या पावत्या. वकील हजर असावेत असा त्याचा आग्रह असतो. संयुक्त बैठक छोटी ठेवतो आणि बराचसा वेळ स्वतंत्र बैठकांत घालवतो, कारण वाईट बातमी समोरच्यासमोर सांगितली तर माणूस अडून बसतो.

थोरल्याला तो सांगेल, ‘सातबारा निम्म्याचा आहे. खर्च केल्याने हिस्सा वाढत नाही, फार तर खर्चाचा निम्मा भाग म्हणजे 90,000 मागता येतील.’ धाकट्याला सांगेल, ‘पीक वाळल्याचा पंचनामा नाही. 1,20,000 सिद्ध करणं जड जाईल.’ दोघांनाही सांगेल की वाटपाच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, मग शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, आणि एवढं होऊनही विहिरीचे दोन तुकडे होत नाहीत. शेवटी पाळीच लावावी लागते.

मग तो आकडा मांडतो. खोलीकरणाचे 90,000 धाकट्याने द्यायचे, कांद्याचे निम्मे म्हणजे 60,000 थोरल्याने द्यायचे, म्हणजे वजा जाता धाकट्याकडून 30,000. थकबाकीचे 64,000 निम्मे-निम्मे, प्रत्येकी 32,000. पाळी पूर्वीसारखी चार-चार तासांची, पण आता लेखी.

दोन-अडीच तासांत सह्या होतात. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा कांदा वाळतो.

हे मूल्यमापनाचं अपयश म्हणून सांगत नाही. पैशाचा भाग या मध्यस्थाने झपाट्याने आणि समजेल असा सोडवला, जो इतर दोन शैलींत कदाचित लोंबकळत राहिला असता. अडचण अशी की कागदात नसलेली गोष्ट त्याने विचारलीच नाही. मूल्यमापक मध्यस्थाचं लक्ष कोर्ट काय पाहील तिकडे असतं, आणि विहीर भरायला किती वेळ लागतो हे कोर्टाने पाहिलंच असतं असं नाही.

दुसरा धोका आत्मविश्वासाचा. सहा वर्षांपूर्वीच्या खर्चाची वसुली तीन वर्षांच्या मुदतीत बसत नाही, असं एखादा मध्यस्थ ठामपणे सांगून टाकेल. पण वाटपाच्या दाव्यात सहहिस्सेदारांचा हिशेब समन्यायाने जुळवताना कोर्ट असा खर्च लक्षात घेऊ शकतं. दोन अनुभवी वकील इथे दोन मतं देतील. ‘असं होईल’ आणि ‘असा धोका आहे’ या दोन वाक्यांमधलं अंतर या शैलीत फार मोलाचं असतं.

7. परिवर्तक मध्यस्थ समझोता करायचाच नाही म्हणतो. मग तो करतो तरी काय?

समझोता करायचा नाही असं तो म्हणत नाही. समझोत्याकडे ढकलत नाही, एवढंच. मुद्द्यांची यादी करत नाही, टप्पे लावत नाही. सुरुवातीला विचारतो, ‘आजची ही बैठक कशी चालावी असं तुम्हाला वाटतं?’ आणि कधी थांबायचं, कशावर बोलायचं हे पक्षांवर सोडतो. त्याची साधनं तीन: एकाचं बोलणं त्याच धगीसकट परत सांगणं, दोघांमधला मतभेद सारांशाने मांडणं, आणि मधूनमधून ‘आता काय करायचंय तुम्हाला?’ असं विचारणं.

सर्वांत मोठा फरक एका वाक्यावर दिसतो. थोरला उसळून म्हणतो, ‘बारा वर्षं हा फिरकला नाही. आईला दवाखान्यात मी नेलं, विहिरीत पैसा मी घातला, आणि आता याला निम्मं पाणी पाहिजे!’

मूल्यमापक मध्यस्थ म्हणेल, ‘आईच्या औषधपाण्याचा या दाव्याशी संबंध नाही.’ सुलभक मध्यस्थ वाक्याची फेरमांडणी करेल: ‘विहिरीवर तुम्ही केलेल्या खर्चाचा विचार वाटणीत व्हावा, हे तुम्हाला महत्त्वाचं वाटतं.’ परिवर्तक मध्यस्थ म्हणेल, ‘बारा वर्षं आईचं आणि शेताचं तुम्ही एकट्याने ओढलं, आणि आता हा येऊन निम्मं मागतोय हे तुम्हाला सहन होत नाही.’

फेरमांडणीत धार काढून टाकली जाते, म्हणजे पुढची बोलणी सोपी व्हावीत. परिवर्तक शैलीत धार तशीच ठेवतात. आपलं म्हणणं पूर्ण उमटल्याशिवाय माणूस त्यापलीकडे पाहू शकत नाही, अशी त्यामागची धारणा आहे. यावर धाकटा म्हणतो, ‘मी दर महिन्याला पैसे पाठवत होतो, दादा. तू आईला कधी सांगितलंस का ते माझे होते म्हणून?’ मग शांतता. अशा वेळी नवशिका मध्यस्थ ‘छान, आता तुम्ही एकमेकांना समजून घेताय’ असं बोलून सगळं घालवतो. कौतुक हेसुद्धा ढकलणंच. इथे गप्प राहायचं असतं.

बुश आणि फोल्जर यांच्या भाषेत स्वतःचं म्हणणं स्पष्ट होणं ही सक्षमता आणि समोरच्याचं म्हणणं लक्षात घेणं ही दखल. दखल म्हणजे माफी नव्हे आणि सहमतीही नव्हे. ‘तू पैसे पाठवलेस हे खरं, तरी मी चिडलेलोच आहे,’ हीसुद्धा दखल आहे.

पाझराची गोष्ट इथे बाहेर येईल का? येऊ शकते, कारण भाऊ मोकळेपणी भांडले की एकमेकांना चिखलाबद्दलही बोलतात. पण तिची हमी नाही, आणि मध्यस्थ ती शोधायला जाणार नाही.

8. ‘कोर्टात हे टिकेल असं वाटतं का?’ असं विचारणं म्हणजे मूल्यमापनच नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्याने विषय नीट वाचलेला असतो. सुलभक मध्यस्थही वास्तवाची पडताळणी करतो, त्यामुळे सीमारेषा खरोखर बारीक आहे. आम्ही तीन गोष्टी तपासायला सांगतो.

प्रश्नाचं उत्तर मध्यस्थाला आधीच हवं आहे का? ‘पंचनामा नसताना नुकसान कसं सिद्ध कराल?’ या प्रश्नाला धाकट्याने ‘शेजाऱ्याने फोटो काढलेत’ असं उत्तर दिलं आणि मध्यस्थाने ते ऐकून घेतलं, तर ती पडताळणी. त्याने मान हलवून तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला, तर ते प्रश्नाच्या वेषातलं मत. दुसरी तपासणी, तोच प्रश्न तेवढ्याच नेटाने दुसऱ्या बाजूलाही विचारला गेला का? तिसरी, ‘तुमच्या वकिलांचं काय म्हणणं आहे?’ असं विचारून मध्यस्थाने माहितीचा स्रोत स्वतःबाहेर ठेवला का? शब्दांपेक्षा चेहरा आणि सूर जास्त बोलतो, म्हणून लिखित संवादावरून शैली ओळखण्याचे सराव नेहमी अपुरे पडतात.

9. स्वतंत्र बैठक तिन्ही शैलींत चालते का?

चालते, पण कारणं वेगळी असतात. मूल्यमापक मध्यस्थासाठी ती मुख्य जागा आहे (प्रश्न 6). सुलभक मध्यस्थ ती गरजेपुरती घेतो: कोणी अडून बसलं आहे, काही लपवतो आहे असं वाटलं, किंवा प्रस्ताव बोलून पाहायचा आहे. परिवर्तक मध्यस्थ शक्यतो टाळतो, कारण दखल घ्यायला दोघं एका खोलीत लागतात. पक्षाने मागितली तर मात्र तो दुसऱ्याशी बोलून देतो.

तिन्ही शैलींत एक नियम सारखाच: स्वतंत्र बैठकीतून उठण्यापूर्वी ‘यातलं पलीकडे काय सांगू आणि काय नको?’ हे विचारून घ्यायचं. बऱ्याच तक्रारी हे न विचारल्यामुळे होतात.

10. भारतातल्या कोर्टाशी जोडलेल्या मध्यस्थी केंद्रांत कोणती शैली चालते?

कागदावर सुलभक. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी व समेट प्रकल्प समितीचं 40 तासांचं प्रशिक्षण प्रास्ताविक, संयुक्त बैठक, स्वतंत्र बैठक, समारोप अशा टप्प्यांवर उभं आहे. 2023 च्या कायद्याची भाषाही तशीच आहे: मध्यस्थाने मुद्दे ओळखायला, पर्याय काढायला मदत करायची, निर्णयाची जबाबदारी पक्षांची आहे हे ठसवायचं, आणि आपण समझोता लादणार नाही हे पक्षांना स्पष्ट सांगायचं.

व्यवहारात मूल्यमापनाकडे ओढ असते, आणि ती समजण्यासारखी आहे. बरेच मध्यस्थ वकील किंवा निवृत्त न्यायाधीश असतात, आणि पक्षही ‘साहेब, तुम्हीच सांगा काय करायचं’ म्हणून समोर बसतात. कायद्याने दिलेली मुदतही मर्यादित आहे: 120 दिवस, पक्षांच्या संमतीने आणखी 60. व्यापारी वादांत तर पक्ष अंदाज ऐकायलाच आलेले असतात. परिवर्तक शैली आपल्याकडे कोर्टापेक्षा सामाजिक संस्था आणि कामाच्या ठिकाणच्या वादांत जास्त बसते.

11. मूल्यमापक मध्यस्थी ही मध्यस्थीच नाही, असं काही शिक्षक म्हणतात. ते बरोबर आहे का?

ही भूमिका किंबर्ली कोव्हॅक आणि लीला लव्ह यांनी 1996 मध्ये ठामपणे मांडली. मूल्यमापन करणारा माणूस तटस्थ राहत नाही आणि पक्ष त्याला खूश करण्यासाठी बोलू लागतात, म्हणून ‘मूल्यमापक मध्यस्थी’ हा शब्दप्रयोगच स्वतःशी विसंगत आहे, असं त्यांचं म्हणणं. दुसरी बाजू सांगते की लोकांना अंदाज हवा असतो आणि तो न देणं म्हणजे त्यांना अंधारात सोडणं.

आमचं मत मधलं आहे. मूल्यमापन अनुचित नाही, पण ते परत घेता येत नाही. धाकट्याला एकदा ‘तुमची भरपाई जड आहे’ असं ऐकवलं की त्यानंतर तो त्या मध्यस्थाला दादाचा माणूस समजू शकतो. म्हणून ते उशिरा, मागितल्यावर आणि शक्यतेच्या भाषेत यावं.

12. मग एकाच बैठकीत शैली बदलता येते का?

सुलभकाकडून मूल्यमापकाकडे जाता येतं, उलट जाणं फार अवघड. वर सांगितलेलं कारण इथेही लागू आहे. विहिरीच्या प्रकरणात चांगला क्रम असा: पाळीचा प्रश्न आधी सुलभक पद्धतीने सोडवायचा, मग रक्कम 90,000 की शून्य यावर अडलं तर दोघांना विचारायचं, ‘माझा अंदाज ऐकायचा आहे का? तो चुकीचाही असू शकतो.’ एकजण नाही म्हणाला तर द्यायचा नाही.

परिवर्तक शैलीचं मिश्रण मात्र तिचे प्रवर्तक मान्य करत नाहीत. समझोत्याकडे ढकलायचं आणि ढकलायचं नाही, ही दोन उद्दिष्टं एकत्र नांदत नाहीत. परत सांगणं आणि सारांश ही तिची कौशल्यं कुठेही वापरता येतात, पण तेवढ्याने मध्यस्थी परिवर्तक होत नाही.

13. परिवर्तक मध्यस्थी यशस्वी झाली हे मोजायचं कसं?

अमेरिकेच्या टपाल खात्याने 1994 मध्ये फ्लोरिडात ‘रिड्रेस’ हा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे तो देशभर नेला. नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारींसाठी त्यांनी जाणूनबुजून परिवर्तक शैली निवडली. लिसा बिंगहॅम यांच्या अभ्यासात बैठकीनंतर कर्मचारी आणि वरिष्ठ दोघांकडूनही प्रश्नावली भरून घेतली गेली: बोलू दिलं का, ऐकून घेतलं का, समोरच्याने काही मान्य केलं का. कार्यक्रम पसरल्यानंतर औपचारिक तक्रारी कमी झाल्या, हीही नोंद झाली.

थोडक्यात, समझोत्यांची टक्केवारी हे इथलं माप नाही. वर्गातल्या सरावात पाहायचं असेल तर बोलण्याची दिशा मोजा. सुरुवातीला भाऊ मध्यस्थाकडे पाहून ‘हा असं करतो’ म्हणतात, पुढे एकमेकांकडे पाहून ‘तू’ म्हणू लागतात. हा बदल किती वेळा आणि कोणाच्या पुढाकाराने झाला ते टिपा.

14. एक पक्ष दबलेला असेल, घरात मारहाण झालेली असेल, तर कोणती शैली सुरक्षित?

आधीचा प्रश्न हा की मध्यस्थी करायचीच का. म्हणून संयुक्त बैठकीआधी दोघांशी वेगवेगळं बोलायचं: एकत्र आलात का, परत कसं जाणार, ‘नाही’ म्हटलं तर घरी काय होईल, पैसे कोणाच्या हातात असतात. बोलताना बाई सतत दाराकडे पाहत असेल किंवा ‘ते म्हणतील तसं’ एवढंच उत्तर येत असेल, तर थांबायचं.

शैलींची मर्यादा इथे उघडी पडते. सुलभक शैलीत गोड बोलणारा बाजी मारतो. परिवर्तक शैली माणसाची क्षमता परत येते असं मानते, पण भीती बैठकीबाहेर राहत असेल तर ती बैठकीत ओसरत नाही. मूल्यमापक शैलीत निदान हक्क काय आहेत हे तरी ऐकायला मिळतं. अशा प्रकरणात स्वतंत्र वकील आणि मध्येच उठून जाण्याची खरी मोकळीक मिळेल याची खात्री आधी करा, शैलीचा विचार त्यानंतर.

15. गावातली तंटामुक्ती समिती कोणत्या शैलीत बसते?

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. समितीतले लोक पक्षांना ओळखतात, मत देतात, कधी गावाच्या शब्दाचा भार टाकतात. म्हणून झुकाव मूल्यमापक आहे, पण मोजमाप कायद्याचं नसून गावाच्या रीतीचं असतं. रिस्किन यांच्या दुसऱ्या अक्षावर मात्र ती रुंद आहे: विहिरीचं भांडण आलं तर ते आईचाही विषय काढतील. शिवाय विहीर किती तासांत भरते, हे तिथे बसलेल्या निम्म्या लोकांना माहीत असतं. बाहेरून आलेल्या तटस्थ मध्यस्थाला ते विचारावं लागतं.

16. सुलभक मध्यस्थाला दिसलं की एका पक्षाचा दावा मुदतबाह्य आहे आणि त्याच्याकडे वकील नाही. गप्प बसायचं का?

ही परीक्षेत हमखास चुकणारी जागा आहे. ‘मी सुलभक आहे, मी बोलणार नाही’ हे उत्तर अपुरं, आणि ‘तुमचा दावा बुडाला’ हे उत्तर घातक, कारण ते चुकीचंही असू शकतं (प्रश्न 6 मधला समन्यायाचा मुद्दा पाहा).

मधली वाट अशी. स्वतंत्र बैठकीत सांगायचं, ‘दाव्यांना मुदत असते. तुमच्या मागणीला ती लागू होते का, हे वकिलाला विचारून या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे सल्ला मिळू शकतो. तोवर आपण तारीख पुढे घेऊ.’ मग दुसऱ्या पक्षाशीही तेवढ्याच वेळाची स्वतंत्र बैठक घ्यायची आणि त्यालाही आपल्या बाजूचा सल्ला घ्यायला सांगायचं. तारीख पुढे का गेली असं त्याने विचारलं, तर ‘दोघांनीही सल्ला घेऊन यावं म्हणून’ हे उत्तर खरं असतं, आणि पलीकडच्या खोलीत झालेलं बोलणं तिथेच राहतं.